बाथरूमची फरशी : चार बॉक्स की पाच?

टाइलच्या दुकानात बाथरूमचं माप सांगितलं की दुकानदार कॅल्क्युलेटर काढतो, लांबी-रुंदीचा गुणाकार करतो, वर दहा टक्के धरतो आणि बॉक्सचा आकडा सांगतो. हॉलच्या फरशीला हा हिशेब बहुधा चालतो. बाथरूम मात्र लहान असतं, त्यामुळे तिथे एकूण टाइल्सपैकी बऱ्याचशा कापूनच बसवाव्या लागतात. किती टाइल वाया जाणार हे अशा वेळी क्षेत्रफळावर कमी आणि तुकडे कुठे पडतात यावर जास्त ठरतं. एक नेहमीच्या मापाचं बाथरूम घेऊन हे पाहू.

समजा, बाथरूमची लांबी 7 फूट 3 इंच आहे आणि रुंदी 4 फूट 9 इंच. माप दोन्ही टोकांना घ्यावं, कारण भिंती क्वचितच काटकोनात असतात. दोन्हींतलं मोठं माप हिशेबाला धरायचं. दाराखालचा भाग उंबऱ्याच्या पट्टीपर्यंत मोजावा. नहाणी ट्रॅप किंवा कमोड यांची जागा वजा करू नये. कमोड फरशीवरच बसतो, आणि ट्रॅपभोवती टाइलला भोक पाडलं तरी टाइल पूर्णच लागते.

क्षेत्रफळ आलं 34.44 चौरस फूट. टाइल घ्यायची आहे दुकानात ‘एक बाय एक’ म्हणतात ती, खडबडीत पृष्ठभागाची, पाय न घसरणारी. इथे पहिली गफलत होते. ही टाइल 300 मिलिमीटरची असते आणि एक फूट म्हणजे जवळपास 305 मिलिमीटर. म्हणून एक टाइल पूर्ण चौरस फूट व्यापत नाही. दहा टाइल्सच्या बॉक्सवर 9.69 चौरस फूट किंवा 0.9 चौरस मीटर असं लिहिलेलं आढळतं. बॉक्समधल्या टाइल्सची संख्या कंपनीगणिक बदलू शकते, त्यामुळे खोक्यावरचा आकडा वाचूनच पुढे जावं.

आता दुकानातला हिशेब. 34.44 मध्ये दहा टक्के मिळवले की 37.88 होतात. त्याला 9.69 ने भागलं की येतात 3.91, म्हणजे चार बॉक्स. पुढच्या पूर्ण आकड्याला न्यायचं ते फक्त इथे, शेवटी आणि एकदाच. आधी क्षेत्रफळ फुगवलं, मग टक्के वाढवून धरले आणि मग बॉक्सही वाढवला, तर एक बॉक्स विनाकारण घरात पडून राहतो.

हे चार बॉक्स, म्हणजे चाळीस टाइल्स, खरोखर पुरतील का? त्यासाठी टाइल्स कागदावर मांडून पाहाव्या लागतात. चौकटी वहीचं एक पान त्याला पुरतं. बाथरूमची लांबी होते 2210 मिलिमीटर आणि रुंदी 1448. दोन टाइल्समध्ये 2 मिलिमीटरचा सांधा धरला, तर प्रत्येक टाइल 302 मिलिमीटर जागा घेते. लांबीत सात पूर्ण टाइल्स बसतात आणि 96 मिलिमीटरची पट्टी उरते. रुंदीत चार पूर्ण बसतात आणि 240 मिलिमीटर उरतात.

मिस्त्री दाराकडून पूर्ण टाइलने सुरुवात करतो आणि तुकडे समोरच्या भिंतीकडे, कमोडच्या मागे ढकलतो असं समजू. पूर्ण टाइल्स लागल्या अठ्ठावीस. रुंदीकडच्या 240 मिलिमीटरच्या सात तुकड्यांना सात टाइल्स लागतात, कारण प्रत्येकीतून उरलेली 60 मिलिमीटरची चिंधी कुठेच वापरता येत नाही. 96 मिलिमीटरच्या पट्ट्या मात्र एका टाइलमधून तीन निघतात. अशा चार पट्ट्या आणि कोपऱ्यातला एक तुकडा मिळून दोन टाइल्समध्ये काम भागतं. एकूण लागल्या सदतीस. ट्रॅपभोवती कापताना फुटणाऱ्या आणि कोपरा उडणाऱ्या टाइल्ससाठी तीन हाताशी राहिल्या. चार बॉक्स पुरले.

आता घरच्यांनी म्हटलं, ‘एका टोकाला ती चार बोटांची पट्टी वाईट दिसते, दोन्ही बाजूंना सारखे तुकडे घ्या.’ मागणी रास्त आहे. पण मग लांबीत सहाच पूर्ण टाइल्स बसतात आणि दोन्ही टोकांना सुमारे 198 मिलिमीटरचे तुकडे येतात. असे दोन तुकडे एका टाइलमधून निघत नाहीत, प्रत्येकाला वेगळी टाइल लागते. पूर्ण चोवीस, टोकांचे तुकडे आठ, रुंदीकडचे सहा आणि कोपऱ्यांचे दोन, म्हणजे बरोबर चाळीस टाइल्स. हाताशी एकही उरली नाही. ट्रॅपपाशी एक जरी फुटली तरी काम थांबतं. तेव्हा पाचवा बॉक्स घ्यावा लागतो. बाथरूम तेच, टाइल तीच आणि दहा टक्के धरलेले असूनही.

टाइल मोठी घेतली की वाया जाणारा भाग वाढतो. याच बाथरूममध्ये ‘दोन बाय दोन’, म्हणजे 600 मिलिमीटरची टाइल लावली तर दहा टाइल्स लागतात. तिचा बॉक्स चार टाइल्सचा असेल तर तीन बॉक्स, म्हणजे 46.5 चौरस फूट माल घ्यावा लागतो. शिवाय पाणी ट्रॅपकडे वाहावं म्हणून ढाळ द्यायचा असतो. मोठी टाइल चारी बाजूंनी उतरवायची तर तिला तिरके छेद द्यावे लागतात आणि नासाडी आणखी वाढते. लहान टाइल ढाळाला सहज वळते.

आता पैशांचा हिशेब. पुढचे भाव केवळ उदाहरणादाखल आहेत, गावागावात ते बदलतात. टाइलचा भाव चौरस फुटाला 50 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी धरला, तर एक बॉक्स पडतो सुमारे 572 रुपयांना आणि चार बॉक्स 2,287 रुपयांना. टाइल चिकटवायला अ‍ॅडहेसिव्हची 20 किलोची एक गोणी 400 रुपयांची. सुमारे 4 मिलिमीटर थराने लावली तर ती एवढ्या जागेला जेमतेम पुरते. सांधे भरायला ग्राउटचं एक किलोचं पाकीट 80 रुपयांचं. गाडीभाडं आणि हमाली 300. एवढ्या लहान कामाला मिस्त्री अनेकदा फुटावर भाव न सांगता उक्ते पैसे मागतो, ते 2,000 धरू. बेरीज झाली 5,067 रुपये. पाचवा बॉक्स घेतला तर 5,639.

यातला एक आकडा पाहण्यासारखा आहे. टाइलचा भाव 50 सांगितला होता, पण कर आणि वाया गेलेला माल धरला तर बसलेल्या फरशीचा दर चौरस फुटाला 66 रुपयांच्या पुढे गेला. दोन दुकानांची तुलना करायची तर फुटाच्या भावाची करू नये. करासहित बॉक्सची किंमत विचारावी आणि तिला बॉक्सच्या संख्येने गुणून तुलना करावी.

पाचव्या बॉक्सची शंका असेल तर तो आताच घ्यावा. बॉक्सवर बॅच आणि शेड क्रमांक छापलेला असतो. महिन्याभराने त्याच नावाची टाइल आणली आणि बॅच वेगळी निघाली, तर रंगात फरक पडतो आणि तो ओल्या फरशीवरही दिसतो. मापातही एखादा मिलिमीटर इकडेतिकडे झाला की सांधे जुळत नाहीत. घेताना सगळ्या बॉक्सवरचे क्रमांक ताडून पाहावेत. न फोडलेला बॉक्स परत घेणार का, किती दिवसांत, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावं. पाचवा बॉक्स फोडायची वेळ आलीच, तर उरलेल्या टाइल्स जपून ठेवाव्यात. उद्या पाइप गळाला आणि फरशी उकरावी लागली, तर तीच जुळणारी टाइल बाजारात मिळेलच असं नाही.

म्हणून दुकानात जाण्याआधी मिस्त्रीला बाथरूममध्ये उभं करून दोनच गोष्टी विचारा : पूर्ण टाइल कुठून सुरू करणार आणि तुकडे कुठे टाकणार? त्याचं उत्तर चौकटी कागदावर मांडा, टाइल्स मोजा, त्यात तीन-चार जास्तीच्या धरा आणि मगच बॉक्सचा आकडा ठरवा.