संगणक कक्षातल्या केबल्ससाठी मुख्याध्यापकांना पत्र

शाळेच्या संगणक कक्षातल्या जीर्ण केबल्स बदलण्यासाठी संगणक शिक्षक मुख्याध्यापकांना जे पत्र लिहितात, ते वरकरणी पानभराचे साधे मागणीपत्र असते. पण ‘सर्व केबल खराब झाल्या आहेत, तरी नवीन मिळाव्यात’ एवढ्या एका वाक्यावर ते भागवले, तर बहुतेक वेळा फायलीतच राहते. कारण सही करणाऱ्याला पुढे शालेय समितीला आणि लेखापरीक्षकाला उत्तर द्यायचे असते, आणि ‘सर्व’ या शब्दाचा हिशेब देता येत नाही. कोणत्या प्रकारच्या किती केबल्स, प्रत्येकीत दोष काय आणि तो कसा कळला, एवढे पत्रात आले पाहिजे. म्हणून पत्राचे खरे काम कागद हातात घेण्याआधी, कक्षातच उरकावे लागते.

उदाहरणादाखल वीस संगणकांचा एक कक्ष घेऊ. प्रत्येक टेबलावर कॅबिनेट आणि मॉनिटर, भिंतीवर नेटवर्कचा स्विच, एक प्रिंटर आणि छताला एक प्रोजेक्टर. एवढ्यात पाच प्रकारच्या केबल्स येतात: विजेची पॉवर कॉर्ड, मॉनिटरची व्हीजीए, नेटवर्कची लॅन, प्रोजेक्टरची लांब एचडीएमआय आणि प्रिंटरची यूएसबी. कीबोर्ड-माउसच्या वायरी त्या त्या वस्तूला कायमच्या जोडलेल्या असतात. त्यांची मागणी केबल म्हणून करता येत नाही, ती वेगळ्या पत्राची बाब.

तपासणी पॉवर कॉर्डपासून सुरू होते, कारण बाकीच्या केबल्स बिघडल्या तर तास बुडतो, ही बिघडली तर मुलांना धोका असतो. कॅबिनेटला एक आणि मॉनिटरला एक अशा वीस संगणकांच्या चाळीस कॉर्ड होतात. बाकाच्या पायाखाली चिरडून वरचे आवरण फाटलेली कॉर्ड नजरेला दिसते आणि ती टेप गुंडाळून वापरायची नसते. मागच्या टोकाशी सैल बसणारी, हात लागताच संगणक बंद पाडणारी कॉर्डही लगेच सापडते. सहज निसटतो तो तिसरा प्रकार: प्लगच्या पिनांभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी पडलेले असते आणि जवळ गेल्यास जळका वास येतो. हे भार जास्त झाल्याने होत नाही. शाळेतला संगणक मॉनिटरसह २०० वॅट घेतो असे धरले, तरी २३० व्होल्टवर हा प्रवाह एक अँपिअरपेक्षा कमीच, आणि प्लग असतो सहा अँपिअरचा. उष्णता तयार होते ती पिन आणि सॉकेट यांच्या सैल सांध्यात. त्यामुळे अशी कॉर्ड बदलताना ती ज्या बोर्डात बसत होती तो सॉकेटही पाहावा लागतो. सॉकेट सैल असेल तर नवी कॉर्डही काही महिन्यांत तशीच तपकिरी पडते.

कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे वाटते, ही तक्रार मुले नेहमी करतात. संगणकाच्या वीजपुरवठ्यात गोंगाट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग तुटलेले असेल तर त्यांच्यातून पत्र्यावर सुमारे निम्मे व्होल्टेज येऊन बसते. प्रवाह फारच थोडा असतो, पण अर्थिंग नाही याची ती खूण असते, आणि खरा बिघाड झाला की संरक्षण करायला काही उरत नाही. दोष कॉर्डचा की शाळेच्या वायरिंगचा, हे मल्टिमीटरवर मिनिटभरात कळते. कॉर्ड दोन्हीकडून काढून घ्यायची, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवायचा, एक टोक प्लगच्या जाड, लांब पिनला आणि दुसरे मागच्या टोकाच्या मधल्या छिद्रात लावायचे. बीप वाजला नाही तर कॉर्ड बाद. बीप वाजूनही मुंग्या येत असतील तर दोष सॉकेटमध्ये किंवा भिंतीतल्या अर्थिंगमध्ये, आणि तिथे इलेक्ट्रिशियन लागतो. हा फरक पत्रात न लिहिल्याने शाळा नव्या कॉर्ड घेतात आणि धक्का तसाच राहतो.

व्हीजीए केबलचा दोष पडद्याच्या रंगावरून ओळखता येतो. तिच्या पंधरा पिनांपैकी पहिल्या तीन लाल, हिरवा आणि निळा हे रंग नेतात. निळ्याची पिन वाकली किंवा आतली तार तुटली की पांढरा पडदा पिवळा दिसतो. लाल गेला तर तो निळसर हिरवा होतो, हिरवा गेला तर गुलाबी-जांभळा. रंग ठीक असूनही मॉनिटर एकाएकी मोठमोठी, फुगलेली अक्षरे दाखवू लागला, तर मॉनिटरची ओळख संगणकाला सांगणाऱ्या पिनांवर संशय घ्यावा. ती ओळख न मिळाल्याने संगणक कमी रिझोल्यूशनवर उतरतो. मात्र लक्षण दिसले म्हणजे केबलच दोषी, असे नाही. संशयित केबल शेजारच्या चांगल्या संगणकाला लावून पाहायची. दोष केबलबरोबर गेला तर केबल बदलायची, जागेवरच राहिला तर मॉनिटरचे किंवा संगणकाचे सॉकेट तपासायचे. आपल्या कक्षात चार पडदे पिवळे-जांभळे दिसत होते. अदलाबदल केल्यावर कळले की चौथ्यात केबल चांगली आहे, बिघाड मॉनिटरच्या सॉकेटात आहे. म्हणून पत्रात तीनच दोषी केबल्स आल्या.

सर्वांत जास्त बिघडते ती लॅन केबल, आणि सर्वांत कमी खर्चात दुरुस्त होते तीही तीच. तिच्या टोकाच्या आरजे-४५ कनेक्टरवर प्लॅस्टिकची बारीक जीभ असते, ती मोडली की कनेक्टर सॉकेटात धरून राहत नाही. खालून झाडू फिरला तरी नेट जाते. अशी केबल आतून धडधाकट असते. जुने टोक कापायचे, आठ तारा पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी या क्रमाने लावायच्या आणि क्रिंपिंगच्या पकडीने नवा कनेक्टर दाबायचा. मग टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागले पाहिजेत. पॅच कॉर्डच्या तारा बहुधा बारीक तंतूंच्या असतात, म्हणून कनेक्टर विकत घेताना तो तंतूंच्या तारेसाठी चालतो का, हे विचारून घ्यावे. नाहीतर टेस्टरवर पास झालेली केबल आठवड्यात पुन्हा अडखळते.

काही केबल्समध्ये दोष अर्धवट असतो. १०० एमबीपीएसच्या जोडणीला चारपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. त्यामुळे निळी किंवा तपकिरी जोडी तुटली तर पुष्कळदा नेट बंद पडत नाही, नुसते मंद होते, आणि मुले ‘हा पीसी स्लो आहे’ म्हणून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसतात. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये एक ओळ टाइप केली की जोडणीचा वेग दिसतो:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, LinkSpeed
```

शेजारचे संगणक `1 Gbps` दाखवत असताना एकच `100 Mbps` दाखवत असेल, तर आधी त्याची केबल बदलून पाहावी. स्विचच १०० चा असेल तर मात्र सगळीकडे तोच आकडा येणार, आणि त्यावरून केबलला दोष देता येत नाही.

प्रोजेक्टरची केबल छतातून जाते आणि बिघडते शिक्षकाच्या टेबलाकडच्या टोकाला, कारण रोज तिथेच ती काढली-लावली जाते. चित्रात पांढरे ठिपके लुकलुकतात किंवा टोक हलवले की ‘नो सिग्नल’ येते. एचडीएमआयचे टोक घरी पुन्हा बसवता येत नाही, म्हणून ही पूर्ण केबल बदलावी लागते. प्रिंटरच्या यूएसबीबद्दल सांगण्यासारखे एवढेच, की ती पाच मीटरपेक्षा लांब मागवू नये.

तपासणी झाली की पत्र लिहायला वेळ लागत नाही. या कक्षापुरते ते असे होईल (दर हिशेब दाखवण्यापुरते, करासह धरले आहेत):

प्रति, मा. मुख्याध्यापक.
विषय : संगणक कक्षातील जीर्ण केबल बदलण्यासाठी खर्चास मंजुरी मिळणेबाबत.

महोदय,
वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, संगणक कक्षातील सर्व केबलची तपासणी केली असता खालील केबल वापरण्यास अयोग्य आढळल्या. पॉवर कॉर्ड ७ (३ चे आवरण फाटलेले, ४ ची टोके जळकट). त्या आजपासून वापरातून काढल्या आहेत. १ शिल्लक धरून मागणी ८, दर रु. १५०, एकूण रु. १,२००. व्हीजीए केबल ३, १ शिल्लक धरून मागणी ४, दर रु. १८०, एकूण रु. ७२०. लॅन केबल ९. पैकी ६ नवीन कनेक्टर बसवून दुरुस्त होतील. त्यासाठी कनेक्टर २५, दर रु. ६, एकूण रु. १५०. उर्वरित ३ आतून तुटलेल्या असून २ शिल्लक धरून मागणी ५, दर रु. १४०, एकूण रु. ७००. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल, १० मीटर, १ नग, रु. ९००. प्रिंटरची यूएसबी केबल १ नग, रु. १३०. एकंदर खर्च रु. ३,८००. तीन दरपत्रके सोबत जोडली आहेत. तरी मंजुरी मिळावी, ही विनंती.

नऊ लॅन केबल्स खराब असताना नव्यांची मागणी पाचचीच आहे, हे वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येते, आणि बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसायला ते पुरते. वापरातून काढलेल्या कॉर्डचे वाक्यही महत्त्वाचे आहे. धोका कळूनही कॉर्ड लावून ठेवली आणि मंजुरीची वाट पाहिली, तर त्या पत्राचा उलटाच पुरावा होतो.

दरपत्रक मागवताना प्रत्येक केबलचे वर्णन एकसारखे द्यावे, नाहीतर तीन दुकानदार तीन वेगळ्या वस्तूंचे दर देतात आणि तुलनेला अर्थ उरत नाही. पॉवर कॉर्डसाठी आयएसआय चिन्ह, तीन पिनांचा सहा अँपिअरचा प्लग आणि लांबी लिहावी. लॅनसाठी कॅट-६ आणि ‘शुद्ध तांबे’ हे शब्द हवेत. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमच्या केबल्स स्वस्तात मिळतात, पण त्या वाकवल्यावर लवकर तुटतात. कापलेल्या टोकावर ब्लेड हलकेच खरवडले आणि आतून चंदेरी रंग दिसला, की ती तार तांब्याची नाही हे कळते.

‘गेल्या वर्षी तर घेतल्या होत्या’ असे मुख्याध्यापक म्हणणारच. त्याचे उत्तर मागणीत नव्हे, कारणात असते. केबल्स जमिनीवर मोकळ्या असतील तर बाक, झाडू आणि उंदीर त्यांना वर्षभरही टिकू देत नाहीत. टेबलांच्या मागून प्लॅस्टिकची केसिंग पट्टी मारण्याचा खर्च त्याच पत्रात वेगळी बाब म्हणून दाखवला, तर पुढची मागणी बरीच लांबते.

खरेदी झाल्यावर बिल आणि नगसंख्या साठा नोंदवहीत चढते, आणि बाद केबल्स प्रकारानुसार मोजून निर्लेखनासाठी मांडल्या जातात. बाद पॉवर कॉर्डचा प्लग त्याच दिवशी कापून टाकावा, कारण कपाटात ठेवलेली अख्खी कॉर्ड परीक्षेच्या धावपळीत कुणीतरी पुन्हा लावतोच. तांब्यासाठी वायरी जाळणाऱ्या भंगारवाल्याला त्या देऊ नयेत. आवरणाच्या पीव्हीसीचा धूर विषारी असतो. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत संस्थेला वजनावर देऊन तिची पावती निर्लेखनाच्या कागदाला जोडली, की हे प्रकरण नोंदवहीत पूर्ण होते.