सूत्रसंचालकाला काय माहीत आहे?

अमेरिकेतल्या ‘परेड’ या साप्ताहिकात मॅरिलिन व्हॉस सव्हांट वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देत. ९ सप्टेंबर १९९० रोजी त्यांच्या सदरात एक कोडं आलं. टीव्हीवरच्या एका खेळात तीन बंद दारं आहेत. एकामागे मोटार आहे, बाकी दोन्हींमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता, समजा पहिलं. कुठल्या दारामागे काय आहे हे सूत्रसंचालकाला ठाऊक आहे. तो तुमचं दार तसंच बंद ठेवतो आणि उरलेल्यांतलं एक उघडतो, समजा तिसरं. आत बकरी दिसते. मग तो विचारतो, “दुसरं दार घ्यायचंय का?” अशा वेळी दार बदलण्यात फायदा आहे का?

मॅरिलिन यांचं उत्तर होतं : बदला. पहिल्याच दारावर ठाम राहिलात तर मोटार मिळण्याची शक्यता तीनांत एक, बदललंत तर तीनांत दोन. या उत्तरावर सुमारे दहा हजार पत्रं आली. त्यांतल्या जवळजवळ हजार जणांच्या नावामागे डॉक्टरेट होती, आणि बहुसंख्य पत्रांचा सूर एकच होता : तुमचं उत्तर साफ चुकलं आहे, दोन दारं उरली म्हणजे शक्यता निम्मी-निम्मी.

कोडं खरं तर तेव्हा नवं नव्हतं. १९७५ मध्ये स्टीव्ह सेल्विन या संख्याशास्त्रज्ञाने ते ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’ या नियतकालिकाला लिहिलेल्या पत्रात मांडलं होतं. ‘लेट्स मेक अ डील’ या १९६३ पासून चाललेल्या लोकप्रिय कार्यक्रमाचा सूत्रसंचालक माँटी हॉल याचं नाव सेल्विननेच कोड्याला जोडलं. आज जगभर ते त्याच नावाने ओळखलं जातं.

निम्मी-निम्मी म्हणणाऱ्यांचा तर्क पहिल्या ऐकण्यात बिनतोड वाटतो. समोर दोन बंद दारं आहेत, एकामागे मोटार आहे, मग एकाला झुकतं माप का द्यायचं? या तर्कात एकच गोष्ट सुटते. तिसरं दार वाऱ्याने उघडलेलं नाही. ते एका जाणत्या माणसाने, मोटार टाळून उघडलं आहे. म्हणून हा खेळ समजून घ्यायचा तर स्पर्धकाच्या जागेवरून उठून सूत्रसंचालकाच्या जागी जाऊन बसावं.

समजा हा खेळ ९००० वेळा झाला आणि स्पर्धकाने दर वेळी पहिलंच दार निवडलं. मोटार कुठेही असू शकते, म्हणून साधारण ३००० वेळा ती पहिल्या दारामागे असेल, ३००० वेळा दुसऱ्या आणि ३००० वेळा तिसऱ्या. पहिल्या प्रकारात स्पर्धकाची निवड बरोबर आहे. सूत्रसंचालकासमोर दोन बकऱ्या आहेत आणि त्याला हवं ते दार उघडता येतं. उरलेल्या ६००० वेळा मात्र त्याच्या हातात काहीच नाही. स्पर्धकाचं दार उघडायचं नाही, मोटारीचंही उघडायचं नाही, मग उरतं एकच. त्या सहा हजार वेळा बंद राहिलेल्या दुसऱ्या दारामागे मोटार असतेच. न बदलणारा ३००० वेळा जिंकतो, बदलणारा ६००० वेळा.

यावर चिकित्सक वाचक म्हणेल की हे सगळ्या खेळांचं मिळून झालं. माझ्यासमोर तर तिसरं दार उघडलेलं आहे, तेवढ्याच खेळांचं सांगा. तेही मोजता येतं. मोटार दुसऱ्या दारामागे असते त्या तिन्ही हजार खेळांत सूत्रसंचालकाला तिसरंच उघडावं लागतं. मोटार पहिल्यामागे असते तेव्हा तो मनात नाणं उडवून दुसरं किंवा तिसरं उघडत असेल, तर तिसरं सुमारे १५०० वेळा उघडेल. म्हणजे तिसरं दार उघडलं असे खेळ एकूण ४५००, आणि त्यांतल्या ३००० मध्ये मोटार दुसऱ्या दारामागे. पुन्हा तीनांत दोन.

इथे नाणं उडवण्याची अट सहज घातलेली नाही. सूत्रसंचालक आळशी असेल आणि जमेल तेव्हा तिसरंच दार उघडत असेल, तर तिसरं उघडलेले खेळ ६००० होतील आणि त्यांत शक्यता खरोखरच निम्मी-निम्मी असेल. पण मग ज्या ३००० वेळा त्याने नाइलाजाने दुसरं उघडलं, तेव्हा बदलणाऱ्याची मोटार पक्की. सगळं मिळून बदलणाऱ्याच्या वाट्याला ६००० च विजय येतात. सूत्रसंचालकाच्या सवयीने विजयांची वाटणी बदलते, बेरीज बदलत नाही.

हे गणित अवघड नाही, तरी मन ते सहज मान्य करत नाही. विसाव्या शतकातले थोर गणिती पॉल एर्डोश यांनासुद्धा १९९० च्या दशकात त्यांचे मित्र अँड्रू व्हाझोन्यी यांनी हे कोडं सांगितलं तेव्हा बदलल्याने फरक पडेल हे पटलं नाही. शेवटी व्हाझोन्यींनी संगणकावर हा खेळ पुन्हा पुन्हा खेळवून दाखवला. बदलणारा दुप्पट जिंकतो हे आकडेच बोलू लागल्यावर एर्डोश यांनी ते मानलं, पण त्यांचं समाधान झालं नाही. असं होतं हे दिसलं होतं, का होतं हे दिसलं नव्हतं. ते कारण त्यांना पुढे गणिती रॉन ग्रॅहॅम यांच्या विवेचनातून मिळालं.

त्यांची तक्रार रास्त होती, कारण दुसऱ्याने चालवलेल्या सिम्युलेशनचा शेवटचा आकडा फक्त निकाल सांगतो. तेच आपल्या हाताने केलं की कारणही हाती लागतं. त्यासाठी पत्त्यांची तीन पानं पुरतात : एक एक्का आणि दोन दुर्ऱ्या. एकाने सूत्रसंचालक व्हायचं, पानं पिसून स्वतः बघायची आणि पालथी मांडायची. दुसऱ्याने एका पानावर बोट ठेवायचं. सूत्रसंचालकाने उरलेल्यांतली एक दुर्री उघडायची आणि स्पर्धकाने दर वेळी पान बदलायचं. थोड्याच वेळात सूत्रसंचालकाच्या लक्षात येतं की बहुतेक डावांत ‘कुठली दुर्री उघडू?’ हा प्रश्नच पडत नाही. एकच उघडण्याजोगी असते, आणि ती उघडताना एक्का कुठे आहे हे आपण जणू बोट दाखवून सांगतो आहोत.

मात्र दहा डाव खेळून निष्कर्ष काढू नये. तीस डावांत बदलणाऱ्याचे सरासरी २० विजय अपेक्षित असले, तरी प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा १५ ते २५ यांच्या दरम्यान कुठेही पडतात. १५ किंवा १६ आले की निम्मी-निम्मीवाल्यांना आपलंच खरं वाटेल. म्हणून हजारो डाव हवेत, आणि तिथे संगणक कामाला येतो. पायथन भाषेत तो खेळ असा लिहिता येतो :

```python
import random

win = played = 0
for i in range(9000):
    car = random.randrange(3)
    pick = random.randrange(3)
    opened = random.choice([d for d in range(3)
                            if d != pick and d != car])
    if opened == car:
        continue
    other = 3 - pick - opened
    played += 1
    if other == car:
        win += 1
print(win, played)
```

दारांना इथे 0, 1, 2 असे क्रमांक आहेत. `car` म्हणजे मोटारीचं दार, `pick` स्पर्धकाचं, `opened` सूत्रसंचालकाने उघडलेलं. तिन्ही क्रमांकांची बेरीज 3, म्हणून त्यातून दोन वजा केले की उरलेलं दार `other` मिळतं. स्पर्धक नेहमी बदलतो. कार्यक्रम चालवला की खेळ ९००० होतात आणि विजय ६००० च्या आसपास येतात. दर वेळी आकडा थोडा हलतो, पण ५९०० ते ६१०० या पट्ट्याबाहेर तो क्वचितच जातो. तो ४५०० च्या जवळ आला, तर कार्यक्रम लिहिताना काहीतरी चुकलं आहे असं खुशाल समजावं.

कुठे चुकतं, हेही शोधायला सोपं आहे. सूत्रसंचालकाचं सगळं ज्ञान `and d != car` या एवढ्याशा अटीत साठवलेलं आहे. ती पुसून टाका, बाकी काही बदलू नका, आणि कार्यक्रम पुन्हा चालवा. आता सूत्रसंचालक अडाणी झाला. स्पर्धकाचं दार सोडून तो डोळे मिटून कुठलंही उघडतो. पहिली निवड चुकलेल्या ६००० खेळांपैकी निम्म्यांत त्याच्या हातून मोटारच उघडी पडते. असे सुमारे ३००० खेळ `continue` या ओळीमुळे बाद होतात. (ही ओळ पहिल्या खेळातही होती, पण तिथे तिची पाळी कधी येतच नव्हती.) उरतात ६००० खेळ, ज्यांत बकरीच दिसली. त्यांतल्या ३००० मध्ये पहिली निवड बरोबर होती आणि ३००० मध्ये चुकीची. बदला की राहा, आता खरोखर सारखंच.

स्पर्धकाच्या डोळ्यांना दोन्ही खेळांत तेच दिसतं : आपलं दार बंद, एक दार उघडं, आत बकरी. तरी एकात बदलण्याचं मोल दोन तृतीयांश, दुसऱ्यात निम्मं. रागावून पत्रं लिहिणाऱ्यांनी सोडवलेला खेळ बहुधा हा दुसराच होता. त्यांनी त्यातलं गणित बरोबर केलं, पण छापलेला प्रश्न तो नव्हता. प्रश्नात सूत्रसंचालकाला सारं ठाऊक असल्याचं स्पष्ट लिहिलं होतं.

प्रश्नात एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिलेली नव्हती : सूत्रसंचालक दर वेळी दार उघडून बदलण्याची संधी देतोच का? १९९१ च्या जुलैमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर या वादाची बातमी आली. त्यासाठी खुद्द माँटी हॉलने बेव्हर्ली हिल्समधल्या आपल्या घरी वार्ताहराबरोबर हा खेळ खेळून दाखवला. नियम पाळून खेळलं तर बदलणंच फायद्याचं, हे त्याला मान्य होतं. मग त्याने आपली चाल बदलली. वार्ताहराने बकरीचं दार निवडलं की तो तेच दार थेट उघडून खेळ संपवी. मोटारीचं निवडलं तरच बकरी दाखवून ‘बदलता का?’ विचारी. कार्यक्रमात हे उतरवायचं तर `pick == car` नसेल तेव्हा स्पर्धकाला हरलेला धरून पुढच्या खेळाकडे जायचं, एवढाच बदल. असा कार्यक्रम कितीही हजार वेळा फिरवा, नेहमी बदलणाऱ्या स्पर्धकाचे विजय शून्यच राहतात.