दोन सेकंदांचा ताल

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास मेक्सिकोच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ, मिचोआकान राज्यालगत, ८ तीव्रतेचा भूकंप झाला. खरा विध्वंस मात्र तिथून साडेतीनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत झाला. इतक्या अंतरावर धक्के सौम्य व्हायला हवेत आणि शहराच्या खडकाळ भागात ते तसे झालेही. मधल्या भागात मात्र शेकडो इमारती कोसळल्या आणि हजारो माणसे दगावली. हुआरेस रुग्णालयाची बारा मजली इमारत जमीनदोस्त झाली. त्याच भागातली दोन-तीन मजली जुनी दगडी घरे बव्हंशी उभी राहिली आणि ४४ मजल्यांचा तोरे लातिनोआमेरिकाना हा मनोराही शाबूत राहिला. सर्वाधिक फटका बसला तो साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना.

ही निवड कोणी केली? उत्तर झोपाळ्यात आहे. झोपाळा एकदा ढकलून सोडून दिला, की तो स्वतःच्या ठरलेल्या वेळात येतो-जातो. हा त्याचा नैसर्गिक आवर्तनकाल. प्रत्येक इमारतीलाही असा एक काल असतो. जेवढी ती जड आणि लवचीक, तेवढा तो मोठा. ढोबळ हिशेब असा, की दर मजल्याला एक दशांश सेकंद. म्हणजे दोन मजली घर ०.२ सेकंदांत, तर दहा मजली इमारत एका सेकंदात एक हेलकावा पूर्ण करते.

आता झोपाळ्याला थोड्या थोड्या वेळाने धक्का देत राहा. झोपाळा ज्या दिशेने निघाला आहे त्याच दिशेने धक्का बसला, तर त्याची ऊर्जा वाढते. समोरून येणाऱ्या झोपाळ्याला अडवणारा धक्का बसला, तर ऊर्जा कमी होते. दोन्ही ताल जुळले, की प्रत्येक धक्का भर घालणाराच ठरतो आणि हेलकाव्याचा पल्ला, म्हणजे आयाम, वाढत जातो. हाच अनुनाद. धक्का जोरदार असावा लागत नाही. तो दर वेळी योग्य क्षणी बसावा लागतो.

ताल थोडा जरी चुकला तरी काय होते, ते पाहू. जमीन दोन सेकंदांच्या तालात हलते आहे आणि इमारतीचा काल १.६ सेकंद आहे, असे धरा. चार सेकंदांत जमिनीची दोन आवर्तने होतात, इमारतीची अडीच. म्हणजे आरंभी जो धक्का मदत करत होता, तोच चार सेकंदांनंतर इमारतीच्या विरुद्ध लागतो आणि जमवलेली ऊर्जा काढून घेऊ लागतो. आयाम वाढतो, घटतो, पुन्हा वाढतो. पण तो साठत जात नाही.

ताल अगदी जुळल्यावर तरी तो अनंत का होत नाही? कारण प्रत्येक हेलकाव्यात काही ऊर्जा घर्षणात, सांध्यांत, भिंतींत खर्ची पडते. आयाम दुप्पट झाला, की धक्क्यातून मिळणारी ऊर्जा दुप्पट होते, पण खर्च होणारी चौपट. त्यामुळे कुठेतरी जमा आणि खर्च यांची बरोबरी होते आणि वाढ थांबते. या खर्चाला अवमंदन म्हणतात. अभियंते सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीसाठी साधारणपणे जे अवमंदन धरतात, त्यात मोकळी सोडलेली इमारत दर हेलकाव्याला पावभर शांत होते. अशा इमारतीवर जुळत्या तालाचे बल सतत लागले, तर तेच बल सावकाश लावल्यावर ती जेवढी वाकली असती, त्याच्या दहापट ती डोलते. अर्थात, तिथवर पोहोचायला वेळ लागतो. पहिल्या आवर्तनात मर्यादेचा जेमतेम पाव भाग गाठला जातो, पाच आवर्तनांत चार पंचमांश, आणि दहा आवर्तनांनंतर जवळजवळ सगळा.

म्हणूनच मेक्सिको सिटीत दोन गोष्टी एकत्र येणे घातक ठरले. पहिली म्हणजे जमीन. शहराचा मध्यभाग जुन्या तेस्कोको सरोवराच्या तळावर वसला आहे. तिथे पाण्याने भरलेल्या मऊ चिकणमातीचा थर आहे. सुमारे ३८ मीटर जाडीच्या या थरातून आडवी कंपने सेकंदाला साधारण ७५ मीटर वेगाने वर चढतात, म्हणजे एका फेरीला अर्धा सेकंद. असे चार फेरे, दोनदा वर आणि दोनदा खाली, झाले की मातीचे एक आवर्तन पुरे होते. चार अर्धे, म्हणजे दोन सेकंद! दुरून आलेल्या भूकंपलहरींतला दोन सेकंदांचा भाग या थराने नेमका उचलून धरला. खडकावर जमिनीचा त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या तीन-चार शतांश होता. सरोवराच्या तळावरच्या नोंदीत तो सुमारे सतरा शतांश, म्हणजे चार-पाचपट भरला.

दुसरी गोष्ट वेळ. खोऱ्यातल्या मातीत कंपने घुमत राहिली आणि जोरदार हालचाल अर्ध्या मिनिटाहून अधिक टिकली. दोन सेकंदांच्या तालात ही पंधराहून जास्त आवर्तने झाली. आयाम पूर्ण वाढायला दहा पुरतात, हे आपण वर पाहिलेच. त्या नोंदीवरून हिशेब केला तर दोन सेकंद काल असलेल्या इमारतीवर आडवे बल जवळजवळ तिच्या वजनाइतके येते. एवढे बल सोसेल असे बांधकाम कोणी केलेले नव्हते.

इथे चाणाक्ष वाचक विचारेल, की दहा मजल्यांचा काल तर एक सेकंद, मग ती दोन सेकंदांच्या तालात कशी सापडली? मऊ जमिनीवर इमारत पायासकट झुलते, त्यामुळे काल आधीच वाढलेला असतो. त्यात पहिल्या काही धक्क्यांनी भिंती आणि खांब तडकले, की तिचा ताठपणा कमी होतो आणि काल आणखी लांबतो. म्हणजे इमारत जखमी होता होता घातक तालाकडे सरकत जाते. उंच मनोऱ्याचे उलट होते. तोरे लातिनोआमेरिकानाचा काल साडेतीन सेकंदांच्या आसपास, दोनच्या पलीकडचा. तसा मनोरा तडकला असता, तरी तो तालापासून दूरच गेला असता. (त्याच्या पायाचे कामही उत्तम होते, हे श्रेय द्यायला हवे.)

या स्पष्टीकरणाची कसोटी बरोबर ३२ वर्षांनी, १९ सप्टेंबर २०१७ रोजी लागली. या वेळी ७.१ तीव्रतेचा भूकंप शहरापासून सुमारे १२० किलोमीटरवर झाला. जवळच्या भूकंपाच्या लहरींत जलद कंपनांचा वाटा जास्त असतो. या खेपेस मोठी हानी सरोवराच्या पश्चिम कडेला झाली. तिथे मातीचा थर पातळ आहे आणि तिचा काल एका सेकंदाजवळचा. पडलेल्या इमारतींत बहुतेक चार ते आठ मजल्यांच्या होत्या. १९८५ मध्ये ज्या उंचीच्या इमारती सर्वाधिक कोसळल्या होत्या, त्या या वेळी बऱ्याच अंशी वाचल्या.

पुलावरून चालताना सैनिकांना पावले मोडायला सांगतात ते याच भीतीने. मात्र अनुनादाचे उदाहरण म्हणून हमखास दिला जाणारा १९४० मधला अमेरिकेतला टॅकोमा पूल या वर्गात बसत नाही. तिथे वारा ठरावीक तालात धक्के देत नव्हता. पुलाची स्वतःचीच पिळवटणारी हालचाल वाऱ्यातून ऊर्जा ओढून घेत होती.

आता मेक्सिको सिटीच्या बांधकाम नियमांत जमिनीच्या कालाचे नकाशे आहेत. अभियंता गच्चीवर संवेदक ठेवून वाहतूक आणि वाऱ्याने होणारी सूक्ष्म थरथर मोजतो आणि त्यातून इमारतीचा काल काढतो. तो जमिनीच्या कालाजवळ आला, तर ताठपणा वाढवून तो दूर नेता येतो. ते जमत नसेल, तर तेलाने भरलेले दट्टे बसवून अवमंदन वाढवतात. अवमंदन दुप्पट केले, की ती दहापट पाचपटीवर येते. मोठ्या भूकंपानंतर अभियंता पुन्हा तीच थरथर मोजतो. काल पूर्वीपेक्षा लांबलेला आढळला, तर गिलाव्यावर एकही तडा दिसत नसला तरी आत काहीतरी सैल झाले आहे, असे समजून तो भिंत फोडून पाहतो.