अर्धी वीज थेट, अर्धी गाभ्यातून

अमेरिकेतला मुक्काम आवरून परत येणाऱ्यांच्या सामानात हमखास एखादे तिकडचे उपकरण असते. टोस्टर-ओव्हन असतो, केकचे पीठ फेटायचा जडशीळ मिक्सर असतो. तिकडचा घरगुती दाब १२० व्होल्टचा आणि आपला २३०चा, म्हणून मग ‘एकशेदहाचा ट्रान्सफॉर्मर’ शोधायला माणूस मुंबईत लॅमिंग्टन रोड गाठतो, पुण्यात असला तर पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकाने पालथी घालतो. दुकानदार दोन खोकी पुढे ठेवतो. दोन्हींवर १५०० व्हीए लिहिलेले, पण एक उचलताना हाताला रग लागते आणि दुसरे तुलनेने हलके, शिवाय स्वस्त. गिऱ्हाईक म्हणते, हलक्यात तांबे चोरले असणार. तशी चोरी होते हेही खरे, पण हलके असणे हा काही तिचा पुरावा नव्हे. हलके खोके बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मरचे असते आणि त्याला मुळात निम्मेच काम करावे लागते.

नेहमीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये लोखंडी पट्ट्यांच्या गाभ्यावर तारेच्या दोन स्वतंत्र गुंडाळ्या असतात. पहिलीत वीज येते, गाभ्यात चुंबकत्व बदलत राहते आणि त्या बदलामुळे दुसरीत नवी वीज निर्माण होते. दोन्ही गुंडाळ्यांची तार एकमेकींना कुठेच टेकलेली नसते. पलीकडे पोहोचणारी सगळी शक्ती चुंबकत्वाच्या वाटेनेच जाते.

ऑटो-ट्रान्सफॉर्मरमध्ये गुंडाळी एकच. समजा तिला ४६० वेढे आहेत आणि तिच्या दोन टोकांना आपण २३० व्होल्ट दिले. दर वेढ्याला अर्धा व्होल्ट पडला. आता बरोबर मध्यावर, २३०व्या वेढ्यापाशी, तार खरवडून एक फाटा बाहेर काढला, तर खालचे टोक आणि तो फाटा यांच्यात ११५ व्होल्ट मिळतात. या फाट्याला कारागीर टॅप म्हणतात. खालचे टोक न्यूट्रलचे, आणि ते घरच्या वायरिंगला व उपकरणाला सामाईक असते.

आता त्याला ११५ व्होल्टवर १० अँपिअर घेणारा टोस्टर-ओव्हन जोडू. ओव्हनची शक्ती झाली ११५ गुणिले १०, म्हणजे ११५० वॉट. तेवढीच शक्ती भिंतीतून यायला हवी, आणि तिथे दाब २३० असल्याने ११५० भागिले २३०, म्हणजे ५ अँपिअरच आत येतात. (गाभा आणि तांबे तापून थोडी वीज वाया जाते, ती या हिशोबात सोडून दिली आहे.) भिंतीतून आले ५ आणि ओव्हन घेतो १०. मग वरचे ५ अँपिअर आले कुठून?

गुंडाळीच्या खालच्या अर्ध्या भागातून. वरच्या अर्ध्या भागातून ५ अँपिअर खाली टॅपपर्यंत येतात आणि खालच्या अर्ध्या भागातून ५ अँपिअर उलट्या दिशेने, न्यूट्रलकडून वर टॅपकडे येतात. टॅपपाशी दोन्ही मिळतात आणि १० होऊन ओव्हनकडे जातात. वरच्या २३० वेढ्यांतून ५ अँपिअर एका दिशेने आणि खालच्या २३० वेढ्यांतून ५ अँपिअर विरुद्ध दिशेने, असे झाल्यामुळे गाभ्यावरचा ताण सावरला जातो. दोन्ही बाजूंचा वेढे गुणिले अँपिअर हा गुणाकार सारखाच भरायला हवा, ही ट्रान्सफॉर्मरची अटच आहे.

म्हणजे ओव्हनच्या १० अँपिअरपैकी ५ भिंतीतून निघून तारेतून थेट आले. त्यांची शक्ती ११५ गुणिले ५, अर्थात ५७५ वॉट. ही शक्ती चुंबकत्वाच्या वाटेला गेलीच नाही. साध्या तारेतून यावी तशी आली. उरलेले ५ अँपिअर मात्र खालच्या भागात चुंबकत्वामुळे निर्माण झाले. त्यांचीही शक्ती ५७५ वॉट, आणि ती वरच्या भागाने गाभ्यामार्फत खालच्या भागाला दिली. वरच्या भागावर ११५ व्होल्ट पडतात आणि त्यातून ५ अँपिअर जातात, त्यामुळे तिकडूनही हिशोब ५७५लाच येऊन मिळतो. ओव्हनला ११५० वॉट मिळाले, पण गाभ्याला वाहावे लागले ५७५च. लोखंड आणि तांबे त्या मानाने कमी लागते. दुकानातले हलके खोके हलके का, याचे हे कारण.

यातून जो नियम निघतो तो सोपा आहे. खालच्या दाबाला वरच्या दाबाने भागा, जो अपूर्णांक येईल तेवढी शक्ती तारेतून थेट जाते. बाकीची चुंबकत्वाने. ११५ भागिले २३० म्हणजे निम्मी. दोन दाबांतले अंतर जितके कमी, तितका थेट जाणारा वाटा मोठा आणि यंत्र लहान.

याचा सर्वांत चांगला उपयोग घरातल्या स्टॅबिलायझरमध्ये दिसतो. रात्री उशिरा आजूबाजूचा वापर घटला की काही भागांत दाब २६०पर्यंत चढतो. तेव्हा स्टॅबिलायझरमधला रिले टक् करतो आणि ऑटो-ट्रान्सफॉर्मर दाब २३०वर उतरवतो. फ्रिजसारखे उपकरण बाजूला ठेवून सोयीसाठी पुन्हा ११५० वॉटचेच काही साधे उपकरण धरू. त्याला २३० व्होल्टवर ५ अँपिअर हवेत. २६०च्या बाजूने साधारण ४.४२ अँपिअर येतात आणि सगळे थेट पुढे जातात. कमी पडणारे ०.५८ अँपिअर तेवढे खालच्या भागातून येतात. चुंबकत्वाने वाहायची शक्ती ३० व्होल्ट गुणिले ४.४२, म्हणजे १३३ वॉटच्या आसपास. ११५० वॉटचे काम, आणि गाभा मात्र शंभर-सव्वाशे वॉटच्या ट्रान्सफॉर्मरहून किंचित मोठा. शिवाय खालच्या भागात अर्ध्या अँपिअरहून थोडीच जास्त वीज असल्याने तिथे बारीक तार पुरते. हीच गुंडाळी दोन स्वतंत्र भागांत करायचा हट्ट धरला, तर भिंतीवर टांगायचा डबा जमिनीवर ठेवावा लागेल.

उलट टोकाला गावातल्या डीपीचा ट्रान्सफॉर्मर बघा. तो ११,००० व्होल्टवरून ४३३वर येतो. थेट जाणारा वाटा ४३३ भागिले ११,०००, म्हणजे चार टक्केही नाही. ऑटो करून वाचणार ते जवळजवळ काहीच नाही, आणि तार कुठे तुटली तर ११,००० व्होल्ट घराघरात शिरण्याची सोय मात्र होईल. म्हणून तिथे दोन वेगळ्या गुंडाळ्याच असतात. पण लोणीकंद किंवा पडघ्याच्या उपकेंद्रात जिथे ४०० किलोव्होल्टवरून २२०वर यायचे असते, तिथे गणित फिरते. २२० भागिले ४०० म्हणजे ५५ टक्के थेट. अशा ठिकाणी ३१५ एमव्हीए क्षमतेचे ऑटो-ट्रान्सफॉर्मर सर्रास वापरतात, आणि त्यांच्या गाभ्याला पूर्ण भारावर १४२ एमव्हीएच्या जवळपासच पेलावे लागते. महाकाय यंत्राचे कित्येक टन लोखंड-तांबे त्यात वाचते. दोन्ही बाजूंचे न्यूट्रल तिथे पक्के जमिनीला बांधलेले असतात आणि संरक्षणाला रिले-ब्रेकरचा पहारा असतो. म्हणून हा सामाईक तारेचा मामला तिथे खपतो.

घरात तो पहारा नसतो, आणि नेमका तिथेच ऑटोचा तोटा उघडा पडतो. शक्ती थेट ज्या तारेतून येते, तीच तार संकटही थेट आणते. पहिले संकट म्हणजे खालचा भाग तुटणे. टॅपच्या खाली तार जळाली किंवा तळाचा सांधा सुटला, की उपकरण वरच्या भागातून सरळ २३०च्या फेजला जोडले जाते. जोडलेले उपकरण लहान असेल, एखादा ११० व्होल्टचा दिवा किंवा घड्याळ, तर त्याला जवळपास पूर्ण २३० व्होल्ट बसतात आणि ते जळते.

दुसरे संकट जास्त कपटी, कारण त्यात सगळे नीट चाललेले दिसते. खोक्याला दोन पिनांचा प्लग असला आणि तो उलटा बसला, किंवा जुन्या घरात सॉकेटच्या फेज-न्यूट्रलची अदलाबदल झालेली असली, की सामाईक टोक फेजला लागते. आता उपकरणाच्या एका तारेवर जमिनीच्या मानाने २३० व्होल्ट आणि दुसरीवर ११५. फरक ११५चाच असल्याने ओव्हन मजेत तापतो. पण ज्या तारेला आपण निर्धोक समजतो ती पूर्ण जिवंत असते. हे ओळखायला साधा टेस्टर पुरतो. जोडणी बरोबर असेल तर खोक्याच्या एका भोकात टेस्टर मुळीच लागत नाही आणि दुसऱ्यात मंद लागतो. दोन्ही भोकांत लागला, आणि त्यातही एकात चांगला ठसठशीत, तर प्लग काढा आणि जोडणी सुधारून घ्या.

खोके ऑटो आहे की आयसोलेशनचे, हेही विकत घेण्याआधी तपासता येते. ते कुठेही जोडलेले नसताना, पण त्याचे स्वतःचे बटण चालू ठेवून, मल्टिमीटरची एक टोकदार तार प्लगच्या फेज किंवा न्यूट्रलच्या पिनेला आणि दुसरी बाहेरच्या भोकांना लावा. अर्थिंगची पिन यात धरायची नाही. मीटर वाजला किंवा काही ओहम दाखवले, तर आत-बाहेर एकच तार आहे, म्हणजे ऑटो. आयसोलेशनच्या खोक्यात काहीच दाखवणार नाही.

एक गोष्ट दोन्ही खोकी करत नाहीत. अमेरिकेतली वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५०ची, आणि ट्रान्सफॉर्मर ती बदलत नाही. ओव्हनला त्याचा फरक पडत नाही, मिक्सरच्या ब्रशवाल्या मोटारलाही फारसा नाही. पण साध्या इंडक्शन मोटारीचा पंखा मंद फिरेल आणि जास्त तापेल. लॅपटॉप-मोबाइलच्या चार्जरवर १००–२४० व्होल्ट छापलेले असेल तर त्यांना या खोक्याची गरजच नाही, सरळ भिंतीत लावा.

माझे मत विचाराल तर टोस्टर-ओव्हनसाठी ऑटो चालेल, पण तीन पिनांचा प्लग, तपासलेले सॉकेट आणि खरे अर्थिंग असेल तरच. पाण्याजवळ वापरायच्या किंवा धातूच्या अंगाला सतत हात लागणाऱ्या उपकरणासाठी मात्र जास्तीचे पैसे मोजून जड खोकेच घ्या, आणि त्याच्यासोबत बसवायचा गळती-ब्रेकर वायरमनकडून आधीच बसवून घ्या.