कंपनीच्या पैशाने रक्ततपासणी, तरी बोनस जागच्या जागी

विमा कंपनी एरवी एकेका पावतीवर शंका काढते. तीच कंपनी तुम्ही ठणठणीत असताना रक्त तपासायला पैसे देते आणि वर त्याला क्लेम म्हणत नाही! जुन्या मेडिक्लेममध्ये सलग चार वर्षं क्लेम नसेल तरच विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंत हा खर्च मिळायचा. आता बऱ्याच पॉलिसी तो दरवर्षी देतात.

धाराशिवमधल्या एका शिक्षक जोडप्याची पाच लाखांची पॉलिसी धरू. क्लेम नसलेल्या प्रत्येक वर्षाला १० टक्के बोनस, म्हणजे तीन वर्षांत दीड लाख. त्यांचं संरक्षण आता साडेसहा लाखांचं. पॉलिसीत पाच हजारांपर्यंत वार्षिक तपासणी आहे. साखर, कोलेस्टेरॉल, किडनी, ईसीजी असं चार हजारांचं पॅकेज त्यांनी त्याच सोयीतून केलं, तर दीड लाख तसेच राहतात.

आता तेच चार हजार वेगळ्या वाटेने. चक्कर आली, डॉक्टरांनी तपासण्या लिहून दिल्या आणि ती पावती उपचारखर्च म्हणून पाठवली. ही प्रतिबंधक तपासणी नव्हे, आजाराचं निदान झालं. पैसे नाकारले जातील. किंवा ओपीडीचं कलम असेल तर मिळतील, पण तो क्लेम धरला गेला तर बोनस दीड लाखावरून एक लाखावर येऊ शकतो. चार हजारांसाठी पन्नास हजारांचं संरक्षण गेलं!

म्हणून आधी पॉलिसीच्या पुस्तिकेत तपासणीचं कलम काढा. या लाभाने बोनसवर परिणाम होणार नाही, असं वाक्य तिथे हवं. नसेल तर ईमेलवर विचारून लेखी उत्तर घ्या.

मग कंपनीच्या अ‍ॅपमध्ये धाराशिवचा 413501 हा पिनकोड टाकून पाहा. कॅशलेस लॅब सोलापूर किंवा लातूरची दाखवली, तर उपाशीपोटी एसटीने जाण्यापेक्षा घरी नमुना घेतात का ते विचारा. गावातल्या लॅबमध्ये परस्पर तपासणी करून पावती पाठवणं हीच इथली नेहमीची चूक; प्रतिपूर्ती मिळणार का, हे आधी ठरवून घ्यावं.

साखर निघाली तर पॉलिसी जाईल, ही भीती मात्र अनाठायी. त्या कारणाने नूतनीकरण नाकारता येत नाही. कंपनी बदलताना किंवा विमा रक्कम वाढवताना तो रिपोर्ट सांगावाच लागतो, लपवू नये.

नूतनीकरणाचा कागद आला की बोनसचा आकडा मागच्या वर्षीच्या कागदाशी ताडून पाहा. कमी झाला असेल तर कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात दाद लागली नाही तर विमा लोकपालाकडे जा.

आणि वर्ष मोजायचं ते पॉलिसीच्या तारखेपासून. न वापरलेली तपासणी सहसा पुढच्या वर्षात जमा होत नाही, तेव्हा मुदत संपायच्या महिनाभर आधीच वेळ घ्या.