सिझेरियनची जखम : घरी गेल्यावर काय पाहाल?

सिझेरियननंतर बाळंतीण साधारण तीन ते पाच दिवसांत घरी येते. जखमेत जंतुसंसर्ग झालाच, तर तो बहुतेकदा चौथ्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास दिसू लागतो. तेव्हा डॉक्टर जवळ नसतात, घरची माणसे असतात. म्हणून रुग्णालयातून मिळणारा सूचनांचा कागद फाइलमध्ये न ठेवता भिंतीवर लावावा.

रोजची काळजी सोपी आहे. जखमेला हात लावण्याआधी साबणाने हात धुवावेत. डॉक्टरांनी परवानगी दिली की अंघोळ करावी, पण टाके चोळू नयेत. नंतर स्वच्छ, मऊ कापडाने जागा हलकेच टिपून कोरडी करावी. पोटाची घडी जखमेवर येत असेल, तर तिथे घाम साचतो आणि कातडी ओलसर राहते. ती घडी उचलून कोरडी करावी. हळद, तेल, पावडर टाक्यांवर लावू नये. बाळंतिणीची मालिश आणि शेक पोटापासून दूरच ठेवावेत, कारण टाक्यांभोवतीची कातडी काही काळ बधिर असते आणि चटका बसलेला कळत नाही.

थोडी खाज, बधिरपणा, खोकताना ओढ बसणे हे नेहमीचे आहे. दुखणे मात्र दिवसागणिक कमी व्हायला हवे. कमी झालेले दुखणे पुन्हा वाढू लागले, तर सावध व्हा.

समजा, सहाव्या दिवशी टाक्यांच्या एका टोकाला लाली दिसली. सावळ्या त्वचेवर ती लाल न दिसता गडद, जांभळट दिसते; म्हणून जागा गरम आणि कडक लागते का, तेही हाताने पाहावे. असे काही आढळले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे आणि लालीच्या कडेने पेनाने रेघ काढून ठेवावी. लाली रेघेबाहेर पसरली, पू किंवा दुर्गंधी आली किंवा ताप 100.4 फॅरनहाइटपर्यंत चढला, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच रुग्णालयात जावे. घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत. आत पू साचला असेल, तर तो बाहेर काढावा लागतो. नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

काही लक्षणांत तासभरही थांबू नये : टाके उसवून जखम उघडणे, जखमेतून अचानक पुष्कळ गुलाबी पाणी येणे, तासाभरात पॅड पूर्ण भिजेल इतका रक्तस्राव, धाप लागणे किंवा छातीत दुखणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, तापासोबत हुडहुडी किंवा गुंगी. जखम उघडली असेल, तर तिच्यावर स्वच्छ ओले कापड ठेवून बाईला आडवे निजवावे आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बाळाच्या कौतुकात आईची जखम मागे पडते. घरातल्या एकाने रोज ठरावीक वेळी, चांगल्या उजेडात ती पाहावी. शंका असेल, तर रात्र असली तरी रुग्णालयात जावे.