पावाची चॉप, डुकराचा धूर

शिळ्या पावाच्या जाड चकत्या दुधात भिजवायच्या, बोटांनी दाबून त्यांना चॉपचा आकार द्यायचा, अंड्यात घोळवायच्या, तळायच्या आणि वरून साखर. पदार्थाचं नाव ‘चुलेतास’. स्पॅनिशमध्ये चॉपला हाच शब्द वापरतात, आणि स्पेनमध्ये चॉप म्हटली की बहुधा डुकराचीच. इथे मात्र मांसाचा कणही नाही. ज्या कुटुंबाच्या कागदांत ही कृती मिळाली, तिथली आठवण अशी की हा पदार्थ करताना डुकराच्या मांसाचा एखादा तुकडा मुद्दाम चुलीत टाकत. वास शेजारच्या घरापर्यंत पोचला पाहिजे आणि ताटात मात्र गोड पाव.

हे कागद जेनी मिल्ग्रम यांच्या आईच्या घरात होते. जेनी यांचा जन्म हवानाचा. कॅस्ट्रोच्या क्रांतीनंतर कुटुंब मायामीला आलं, त्या कॅथलिक वातावरणात वाढल्या, कॅथलिक शाळांत शिकल्या आणि मोठेपणी त्यांनी ज्यू धर्म स्वीकारला. आई आजारी पडल्यावर घर आवरताना कृती लिहिलेले शेकडो कागद सापडले. ते एका हाताचे नव्हते; आज्या, पणज्या, मावश्या यांनी वेगवेगळ्या काळात लिहिलेले तुकडे होते. प्रमाणं अपुरी, भट्टीच्या तापमानाचा पत्ता नाही. मैत्रिणींना हाताशी धरून, एकेक पदार्थ करून पाहत, जेनीबाईंनी २०१९ मध्ये त्यांचं पुस्तक केलं. ‘रेसिपीज ऑफ माय फिफ्टीन ग्रँडमदर्स’ हे त्याचं नाव.

या घराण्याचं मूळ गाव फेर्मोसेये. स्पेनच्या सामोरा प्रांतातलं हे गाव पोर्तुगालच्या सीमेला लागून आहे, आणि त्याची ही जागा महत्त्वाची आहे. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना फर्मावलं की बाप्तिस्मा घ्या, नाहीतर देश सोडा. अनेक जण सीमा ओलांडून पोर्तुगालमध्ये गेले. तिथे १४९७ मध्ये सक्तीचं धर्मांतर वाट्याला आलं. या ‘नवख्रिस्ती’ घरांतल्या काहींनी मनातला जुना धर्म सोडला नाही. ते शोधून काढण्याचं काम इन्क्विझिशनकडे, म्हणजे धर्मन्यायालयाकडे होतं.

या न्यायालयाची नजर देवघराइतकीच स्वयंपाकघरावर असे. गुप्त प्रार्थना कोणाला दिसणार? पण चूल मोलकरणीला दिसते, शेजारणीला दिसते. चर्चमध्ये जाहीरनामे वाचले जात आणि कुठल्या खुणा दिसल्या की कळवायचं, हे त्यांत सांगितलेलं असे. शनिवारी चूल पेटवायची नाही, म्हणून शुक्रवारीच मांस-चण्यांचं कालवण रात्रभर मंद आचेवर ठेवणं ही एक खूण. मांसावरची चरबी काढून टाकणं, मागच्या पायातली शीर ओढून काढणं, डुकराच्या चरबीऐवजी ऑलिव्हच्या तेलात कांदा परतणं, भाकरी भाजण्याआधी कणकेचा गोळा विस्तवात टाकणं, याही खुणाच. डेव्हिड गिटलिट्झ आणि लिंडा के डेव्हिडसन या अभ्यासक दांपत्याने अशाच साक्षींतून त्या काळचे पदार्थ पुन्हा उभे केले आणि १९९९ मध्ये ‘अ ड्रिझल ऑफ हनी’ हे पुस्तक काढलं. ज्या बायकांच्या पाककृती कोणी लिहून ठेवल्या नसत्या, त्या कायमच्या नोंदल्या गेल्या त्या त्यांना गुन्हेगार ठरवणाऱ्या कारकुनाच्या हातून.

लहानपणी आजीने जेनीला शिकवलेल्या काही गोष्टी या यादीशी जुळतात. अंडं आधी काचेच्या भांड्यात फोडून बघायचं, रक्ताचा ठिपका दिसला तर फेकून द्यायचं. कणकेचा छोटा गोळा भट्टीत जाळायचा. केर दाराकडे न लोटता खोलीच्या मध्याकडे ओढायचा. का, याचं उत्तर कोणी दिलं नाही; असंच करतात, एवढंच.

इथे मोह आवरावा लागतो. चुलेतासची कृती पुन्हा वाचा. दुधात भिजवून, अंड्यात घोळवून तळलेला पाव म्हणजे ‘तोर्रिहास’. तो स्पेनभर कॅथलिक घरांत ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात होतो, कारण त्या दिवसांत मांस वर्ज्य असतं. म्हणजे मांसाऐवजी पाव खाण्याचं कारण अगदी कट्टर कॅथलिक घरातही होतं. अंडं फोडून बघणं ही तर कुठल्याही शहाण्या बाईची सवय. सुटी पाहिली तर यातली एकही गोष्ट काही सिद्ध करत नाही.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत असा वाद रंगला होता. तिथल्या काही स्पॅनिश कुटुंबांच्या चालीरीतींवरून ती मूळची ज्यू असल्याचं १९८० नंतर बोललं जाऊ लागलं. लोकसाहित्याच्या अभ्यासक ज्युडिथ न्यूलँडर यांनी त्यावर हरकत घेतली. शनिवार पाळणं, डुक्कर न खाणं या गोष्टी काही प्रॉटेस्टंट पंथांतही आहेत आणि ते पंथ त्या भागात पोचलेले होते, असं त्यांनी दाखवून दिलं. प्रथा खरी असू शकते आणि तिचं सांगितलं जाणारं कारण नंतर चिकटलेलंही असू शकतं.

मिल्ग्रम यांच्या बाबतीत आधार आहे तो कागदपत्रांचा. चर्चमधल्या बाप्तिस्मा आणि लग्नाच्या नोंदवह्या, शिवाय इन्क्विझिशनचे खटले यांतून त्यांनी आईच्या बाजूची वंशरेषा एकेक आई शोधत मागे नेली. आधी पंधरा आज्या सापडल्या, पुढे बावीस पिढ्या, थेट पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत. या शोधाचं पहिलं पुस्तक २०१२ चं आहे. म्हणजे पाककृतींचे कागद वाचले गेले तेव्हा उत्तर आधीच हाती होतं. त्यामुळे त्यांना पुरावा म्हणणं घाईचं होईल. पण नोंदवहीत जे कधीच सापडत नाही, ते या कागदांत आहे. बाप्तिस्म्याची नोंद सांगते की मूल ख्रिस्ती झालं. त्या मुलाच्या घरी धुराड्यातून कशाचा वास मुद्दाम सोडत, ते फक्त घरच्यांनाच ठाऊक.

पोर्तुगीजांबरोबर हीच व्यवस्था १५६० मध्ये गोव्यात आली, आणि सुरुवातीला तिचा रोख नवख्रिस्ती ज्यूंवर होता. वनौषधींवर ग्रंथ लिहिणारे वैद्य गार्सिया दा ओर्ता यांची बहीण कातारिना हिला १५६९ मध्ये गोव्यात जाळण्यात आलं. खुद्द गार्सिया तोवर वारले होते. १५८० मध्ये त्यांची हाडं उकरून जाळली गेली. पुढे रोख वळला तो बाटलेल्या हिंदूंच्या घरांकडे. अ. का. प्रियोळकरांनी ‘द गोवा इन्क्विझिशन’ या १९६१ च्या ग्रंथात १७३६ चा जाहीरनामा दिला आहे. अंगणातली तुळस त्यात निषिद्ध आहे, आणि हिंदूंसारखा मिठाशिवाय भात शिजवून मीठ नंतर घालणंही. मडक्यात मीठ कधी पडतं यावरून माणसाचा धर्म ओळखायचा!

स्पेनमध्ये निदान खटल्यांची दप्तरं शिल्लक आहेत. गोव्याचं न्यायालय १८१२ मध्ये कायमचं बंद झालं आणि त्याचे बहुतेक कागद जाळून टाकण्यात आले. १५६१ ते १६२३ या काळातल्या खटल्यांची एक सूची तेवढी लिस्बनला उरली आहे. तिच्यात आरोपीचं नाव आहे, आरोप आहे, शिक्षा आहे. कोणत्या मोलकरणीने कोणत्या चुलीवर काय पाहिलं, ते सांगणाऱ्या साक्षी मात्र नाहीत. त्यामुळे गोव्यातल्या एखाद्या ख्रिस्ती घरात आजही भात अळणी शिजवून मीठ मागाहून घालत असतील, तर त्यांना ही सवय ताडून पाहायला चर्चची नोंदवही आणि घरातल्या वयस्क बायकांची आठवण, एवढंच हाताशी आहे.